शोकसभेत समोरासमोर म्हणायचं काय? सांत्वन, सहवेदना की नुसतं 'वाईट वाटलं'

अर्धविराम: उद्या संध्याकाळी ऑफिसमधल्या एका बाईंच्या वडिलांची प्रार्थनासभा आहे. वडिलांना मी कधी पाहिलेलं नाही, बाईंशीही कामापुरतंच बोलणं. मी 'तुमच्या दुःखात सहभागी आहे' म्हणायचं ठरवलं होतं तर बहीण म्हणाली हे पेपरातलं वाक्य आहे, तोंडाने असं कोणी बोलत नाही, आणि ज्या माणसाला तू ओळखत नव्हतास त्याच्या दुःखात सहभागी कसा? मग बोलायचं मराठी वाक्य आहे तरी कोणतं? 'सॉरी' म्हणावं तर परकं वाटतं आणि 'माफ करा' म्हटलं तर आपल्याच हातून काही घडल्यासारखं होतं.

पानगळ: 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणा की. सगळे तेच म्हणतात.

जुनीवही: लिहायला ठीक आहे, मुलीच्या तोंडावर नको. श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात, मागे राहिलेल्यांना नाही. मागे राहिलेल्यांसाठी शब्द आहे सहवेदना. हल्ली बातम्यांत 'कुटुंबीयांप्रती संवेदना' ऐकू येतं ते हिंदीतून आलंय, मराठीत बोटाला सुई टोचली की जी जाणवते ती संवेदना.

पानगळ: पण लोक संवेदना म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं ना? मग ती मराठीच झाली. अशा वेळी कोणी व्याकरण तपासत नाही.

रानवाट: मला तर 'सांत्वन' हाच शब्द पुरेसा वाटतो. मूळ शब्द शांत, त्यावरून शांतवन, मग सांत्वन. म्हणजे समोरच्याला शांत करायचं. 'रडू नका, धीर धरा' एवढं म्हटलं की झालं काम.

जुनीवही: शांत हा शम् पासूनचा, सांत्वन सान्त्व् या वेगळ्या धातूपासून, गोड बोलून धीर देणं असा त्याचा अर्थ. दोन्ही शब्द अर्थाने जवळ आले म्हणून गल्लत होते. आणि दुसरं असं की सांत्वन हा नंतर तिसऱ्याला सांगायचा शब्द आहे. 'सांत्वन करून आलो' म्हणतो आपण, समोर बसून 'मी तुमचं सांत्वन करतो' कोणी म्हणत नाही. 'समाचाराला गेलो होतो' याचंही तेच.

मोरपीस: 'रडू नका' तर अजिबात म्हणू नका हो. माझे बाबा गेले तेव्हा हे इतक्या जणांनी म्हटलं की मला वाटायला लागलं माझ्या रडण्याचा यांना त्रास होतोय. आणि बाबा पक्के नास्तिक, तरी येणारा प्रत्येक जण 'आत्म्याला शांती लाभो, सद्गती मिळो'. मी मान हलवत राहिले. एकच गृहस्थ लक्षात राहिलेत. म्हणाले, 'मी रोज सकाळी त्यांच्याच बसला असायचो. नाव आज कळलं. उन्हाच्या बाजूची सीट ते नेहमी स्वतः घ्यायचे.' एवढं बोलून पुढे गेले. बाबा तसे होतेच, आणि ही गोष्ट आम्हाला घरात माहीत नव्हती.

ओसरी: मी बरीच वर्षं अंत्यसंस्कार आणि शोकसभांच्या व्यवस्थेचं काम केलंय, घरच्यांच्या बाजूला उभं राहून हजारदा ऐकलंय म्हणून लिहिते. मोरपीस यांच्या त्या गृहस्थांनी जे केलं तेच ओळख नसलेल्या माणसाला जमण्यासारखं असतं. आधी आपण कोण ते सांगायचं, कारण त्या दिवशी घरच्यांना चेहरे आठवत नाहीत आणि 'ओळखलंत का?' विचारलं की त्यांना उगाच अवघडायला होतं. मग 'ऐकून फार वाईट वाटलं', यात पुस्तकी काही नाही आणि ते खरंही असतं. मग खरोखर माहीत असलेली एखादी गोष्ट असेल तर ती. नसेल तर तिथेच थांबायचं. मागे लोक उभे असतात, दोन वाक्यं पुरतात.

सगळ्यात फसतं ते ओळख नसताना केलेलं कौतुक. 'फार मोठा माणूस गेला' म्हटलं की घरचे आशेने विचारतात, 'तुमची ओळख कुठली?' आणि पुढे सांगायला काहीच नसतं, त्यांचा उतरलेला चेहरा मी पाहिलाय. 'कसं झालं?' हेही नको, ती हकीकत त्यांनी सकाळपासून प्रत्येकाला सांगितलेली असते, स्वतःहून सांगितली तर मात्र मध्ये न बोलता ऐकावी. 'वय झालंच होतं', 'सुटले एकदाचे' ही वाक्यं घरच्यांनी म्हणायची, ते म्हणाले तरी आपण 'हो ना' करू नये.

अर्धविराम, तुम्हाला वडील माहीत नाहीत ठीक आहे, पण मुलगी आणि वडील यांच्यातलं काही कानावर आलंय का?

अर्धविराम: एवढंच की रोज चारच्या सुमारास त्या उठून जिन्यात जायच्या आणि वडिलांना फोन करायच्या. मीटिंग चालू असली तरी. पण हे बोललं तर चोरून ऐकल्यासारखं नाही का वाटणार?

ओसरी: फोनवर काय बोलत होत्या ते सांगायचं नाहीये. 'चार वाजता तुमचा बाबांना फोन असायचा, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ऐकून फार वाईट वाटलं.' एवढंच. त्यांना रडू आलं तर चुकलं असं समजू नका, पुढचं वाक्य शोधू नका, तसेच क्षणभर उभे राहा. त्या ताठ राहून नुसतं 'थँक्यू' म्हणाल्या तर त्यांना आत्ता हे नको आहे, लगेच बाजूला व्हा. आईंना मात्र फोनचं सांगू नका, त्यांना 'मी यांच्याबरोबर काम करतो, भेटायला आलो' पुरे. आणि 'काही लागलं तर सांगा' यापेक्षा 'या आठवड्याचा तुमचा रिपोर्ट मी पूर्ण करून पाठवतो' म्हणा, म्हणजे त्यांना काही मागायला लागणार नाही.

रानवाट: मला हे पटत नाही. खासगी गोष्ट चारचौघांत काढायची आणि जखमेवरची खपली काढायची? 'धीर धरा' पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यात कोणाचं काही बिघडत नाही.

मोरपीस: तुमचं कोणी गेलं तेव्हा 'धीर धरा' ऐकून बरं वाटलं होतं?

रानवाट: हो. आईच्या वेळी एका वयस्कर शेजाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं. अजून तो हात आठवतो.

ओसरी: मोठ्या माणसाने म्हटलं तर ते वेगळं लागतं, हे मान्य. पण बरोबरीच्या सहकाऱ्याने म्हटलं तर आज्ञा वाटते.

सहजच: तुम्ही सगळे फार खोलात जाताय. ग्रुपवर टाकायचं असेल तर 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' आणि हात जोडलेली इमोजी, विषय संपला.

मोरपीस: त्यांना प्रत्यक्ष भेटायचंय, मेसेजचं विचारलेलं नाही.

पानगळ: आणि 'मृतात्मा' तर चुकीचाच आहे. आत्मा मरत नाही मग मृत आत्मा कुठून आला? 'दिवंगत आत्मा' लिहा.

जुनीवही: समास मृत असा आत्मा असा सोडवलात म्हणून चूक वाटते. मृताचा आत्मा असा सोडवा, काही अडत नाही.

पानगळ: वाचणारा विग्रह करत बसतो का? मघाशी 'संवेदना'ला तुम्हीच नको म्हणालात ना.

जुनीवही: संवेदनाला मराठीत आधीच दुसरा अर्थ आहे, मृतात्म्याला नाही. दोन्ही एका मापाने कसे मोजता?

अर्धविराम: चारच्या फोनचं बोलेन, बहुतेक. 'बाबांना' म्हणू की 'वडिलांना'? आमच्यात अहो-जाहोच आहे.

पानगळ: 'दिवंगत' तरी सगळ्यांना कुठे चालतो, ज्यांचा स्वर्गावर विश्वास नाही त्यांचं काय करणार? मोरपीस यांचे बाबा दिवंगत म्हटलेले चालले असते का?

मोरपीस: नाही. आम्ही 'बाबा गेले' एवढंच म्हणायचो.

जुनीवही: कोशात दिवं गत म्हणजे स्वर्गाला गेलेला हे खरं, पण वापरात तो अर्थ आता कोणाच्या मनातही येत नाही.

पानगळ: म्हणजे शेवटी वापरच ना? मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.