वॉरंट आणि अंशतः भरलेले शेअर

"माझ्याकडे अंशतः भरलेले शेअर आहेत. वॉरंटसारखंच, पुढचे पैसे नाही भरले तर चालेल ना?"

नाही, इथेच घात होतो. वॉरंटमध्ये ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क असतो, बंधन नसतं. शेअर बाजारात सूचिबद्ध कंपनी निवडक गुंतवणूकदारांना देते त्या प्राधान्य वाटपात सुरुवातीला किमान 25 टक्के भरतात आणि 18 महिन्यांत हक्क वापरला नाही तर तेवढेच बुडतात. अंशतः भरलेला शेअर घेतला की तुम्ही सभासद होता आणि उरलेली रक्कम तुमच्यावर देणं असते.

रिलायन्सचा 2020 चा हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, घ्या. भाव 1,257 रुपये, अर्जासोबत 314.25, मे 2021 मध्ये 314.25, नोव्हेंबरमध्ये 628.50. म्हणजे 40 शेअरना 12,570, पुन्हा 12,570 आणि शेवटी 25,140.

उरलेल्या रकमेचा हप्ता म्हणजे कॉल. तो संचालक मंडळ ठरावाने मागतं, एका वर्गातल्या सगळ्यांकडून सारख्याच प्रमाणात. कंपनी कायद्यातल्या नमुना नियमावलीप्रमाणे किमान 14 दिवसांची नोटीस लागते. मुदत चुकली की व्याज. मग आणखी एक नोटीस येते, तीही दुर्लक्षिली तर मंडळ शेअर जप्त करतं. जप्तीनंतरही थकलेल्या कॉलचं देणं सुटत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आपल्याकडे गुहागर-देवगडला राहणाऱ्यांच्या डीमॅटवर अजून मुंबईच्या खोलीचा पत्ता असतो. नोटीस तिथे पडून राहते आणि मुदत निघून जाते. पत्ता, ईमेल आधी डीपीकडे, म्हणजे डीमॅट खातं जिथे आहे त्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे, बदलून घ्या. भरणं जमणार नसेल तर कॉल कुणी भरायचा हे ज्या दिवसाच्या यादीवरून ठरतं ती नोंद-तारीख येण्याआधीच शेअर विका.