प्रतिसाद: बंदुकीचा धक्का आणि गतिज ऊर्जेची वाटणी

«संवेग दोघांचा सारखाच, तर गोळी भेदून जाते आणि बंदूक खांद्याला नुसती ढकलते, असे का?»

४ किलोच्या बंदुकीतून १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, तर गोळीचा संवेग ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. तेवढाच संवेग उलट दिशेने घेऊन बंदूक सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येते. गतिज ऊर्जा मात्र गोळीला ३२०० ज्यूल आणि बंदुकीला अवघी ८ ज्यूल, म्हणजे वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात, ४०० पट फरकाने मिळते.

याचे कारण अंतरात आहे. दोघांवर सारखेच बल सारखाच वेळ लागते, म्हणून संवेग समान राहतो; पण तेवढ्या वेळात गोळी नळीतून ६० सेंटीमीटर पुढे सरकते, तर बंदूक जेमतेम दीड मिलिमीटर मागे येते, आणि कार्य म्हणजे बल गुणिले अंतर.

पाठ्यपुस्तकी गणितात एक गोष्ट हमखास सुटते, ती दारूच्या वायूंची. ३ ग्रॅम वायू सरासरी १२०० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडले असे धरल्यास बंदुकीचा वेग २.९ मीटरवर जातो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ८ ज्यूलचे जवळजवळ १७ ज्यूल होतात.