पहिला मेसेज: Hi, Hi! की hiiii?

मेथीचे_लाडू: भाचीसाठी स्थळं बघतोय. काल एका मुलाचा पहिला मेसेज आला, 'Hi.' भाची म्हणते, "मावशी, हा चिडलाय का गं?" एका टिंबावरून! मला एकदम २००६ आठवलं. आमचं ठरल्यावर ह्यांचा पहिला एसएमएस आला, 'hiiii'. फोन बटणांचे. h आणि i दोन्ही ४ च्या बटणावर, h ला दोनदा दाबायचं, i ला तीनदा, आणि दर अक्षरानंतर जरा थांबायचं, नाहीतर भलतंच उमटायचं. म्हणजे चौदा वेळा बटण दाबून माणसाने मला हाय केलं होतं. मी तिथेच विरघळले. तुमचे अनुभव येऊ द्या.

निवांत_पाटील: दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला पॅक चालायचा नाही, मेसेजला पैसे पडायचे. १६० अक्षरांत अख्खं खानदान कोंबायचो. चार i उधळणारा माणूस पैसेवाला असणार, ताई.

खारी_बिस्किट: १६० इंग्रजीत. एक देवनागरी अक्षर घुसलं की ७०!

सुजाता_ठाणे: टिंबावर अमेरिकेत संशोधन झालंय, बिंगहॅम्टन विद्यापीठात, २०१५ ला. टिंब देणारा मनापासून बोलत नाही. सरळ नकार कळवा.

खारी_बिस्किट: अहो थांबा. ते आमंत्रणाला आलेल्या एका शब्दाच्या उत्तरांबद्दल होतं. टिंब असलेली उत्तरं वाचणाऱ्यांना जरा कमी मनापासूनची वाटली, एवढंच. तेच उत्तर चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं असलं तर फरक पडला नाही. पहिल्या हायबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि बऱ्याच फोनवर स्पेस दोनदा दाबली की टिंब आपोआप पडतं. पुढचे दोन-चार मेसेज बघा, सगळीकडे टिंब असेल तर ती त्याची सवय.

रेवा_०७: मी होणाऱ्या नणंदेला पहिला मेसेज 'Hi 😁' टाकला होता. माझ्या फोनवर छान हसरं तोंड, तिच्या जुन्या आयफोनवर तेच दात आवळल्यासारखं. तिने नवऱ्याला विचारलं, "हिला जबरदस्तीने लिहायला लावलंस का?" अजून ऐकवते. कुकर झाला, आले.

कोकणी_मेवा: ऑफिसात मी सगळ्यांना 'Hi!' लिहिते. एकदा उद्गारचिन्ह राहिलं तर साहेबांचा फोन, "बरी आहेस ना?" आता सोडताही येत नाही.

निवांत_पाटील: मराठीत हायऽऽऽ लिहावं. कीबोर्डवर ऽ सापडत नाही म्हणून लोक S टाकतात, मग हायSSS, जणू टायर पंक्चर.

सुजाता_ठाणे: 😂 स्थळ कुठलं आहे हो? माझा पुतण्याही लग्नाचा आहे, टिंब देत नाही.

मेथीचे_लाडू: @खारी, बघितलं. पुढच्या मेसेजला टिंब नाही, 'Sunday 5 chalel ka', प्रश्नचिन्हही नाही. भाची म्हणते आता जास्तच कोरडा वाटतोय. आणि ह्यांना hiiii बद्दल विचारलं, तर म्हणे फोन मित्राच्या हातात होता, त्यानेच पाठवला.

रेवा_०७: मित्राचं लग्न झालंय का?