बेसा भागात रिसेल टू बीएचके घ्यावा की भाड्यानेच राहावं? मदत हवी आहे

राजेहो, जरा सल्ला द्या. आम्ही दोघंही नोकरीला, सध्या नागपुरात मनीष नगरात 11 हजार भाड्याने राहतो. बेसा भागात एक रिसेल फ्लॅट पाहिला, 34 लाख सांगताहेत. हवेशीर आहे, बायकोला गॅलरी फार आवडली.

गोची कागदांत आहे. मालकाने प्लॉटचं आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र दाखवलं, पण ते प्लॉटपुरतं; बिल्डिंगची मंजुरी वेगळी लागते. मंजूर नकाशा मागितला तर त्यात तीनच मजले निघाले, आणि हा फ्लॅट चौथ्यावर! भोगवटा प्रमाणपत्रही नाही. दलाल म्हणतो, "इकडे सगळ्यांचं असंच असते, होऊन जाते रेग्युलर." होत असेल, पण मग मालकाने आजवर का केलं नाही?

सरकारी बँकेने नकाशा बघूनच नकार दिला. एक फायनान्स कंपनी तयार आहे, पण साडेदहा टक्क्यांनी. 27 लाखांवर वीस वर्षांसाठी हप्ता जवळपास 27 हजार बसतो. साडेआठने तोच साडेतेवीसच्या आत आला असता. उद्या विकायचा झाला तर घेणाऱ्यालाही हीच अडचण येणार, म्हणून भाव कितीही पाडला तरी मन धजत नाही.

असा वरचा मजला कुणी नियमित करून घेतला आहे का? अर्ज एकट्या फ्लॅटधारकाला करता येतो की सोसायटीनेच करावा लागतो? आणि घेण्याआधी कागद तपासून देणारा वकील नागपुरात साधारण किती फी घेतो?