उडती चप्पल: हसायचं की नाही?

सुस्त_मांजर
आमच्या भावंडांच्या ग्रुपवर मी परवा एक मीम टाकलं. पोरगं जीव खाऊन पळतंय, कोपऱ्यावर वळतंय, आणि मागून आईची चप्पल पण त्याच्यासोबत कोपऱ्यावर वळतीये. आम्ही तिघं हसून लोळलो, मोठ्या ताईने लिहिलं "माराची कसली गंमत" आणि ग्रुप सोडला. चप्पल तर चौघांनाही दाखवली जायची. मग हे प्रेमाचं हसणं आहे की माराला पांघरूण घालतोय आपण?

उंटावरचा
ताईला जरा हलकं घ्यायला सांगा. आपण सगळ्यांनी खाल्लीये चप्पल, बिघडलो का कोणी? आणि हे फक्त आपल्याकडे नाही, मेक्सिकोवाल्यांची ला चांकला तीच, फिलिपिनोंची त्सिनेलास पण तीच. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या बेसबॉल टीमने २०१८ मध्ये काही मॅचेससाठी नावच घेतलं होतं फ्लाइंग चांकलास. अख्खं जग हसतंय म्हणजे त्यात काहीतरी चांगलंच असणार ना.

विसूभाऊ
चप्पल फेकणं हा अपमान आहे हे विसरू नका. २००८ ला बगदादमध्ये बुशवर पत्रकाराने बूट फेकले ते काय प्रेमाने? निषेधाचं हत्यार आहे ते.

पानगळ
विसूभाऊ, आईची चप्पल चाललीये हो इथे, बुशला राहू द्या 😄

मांजर, तुझ्या मीममधली चप्पल कोपऱ्यावर *वळते*, सगळा जीव तिथे आहे. नुसती आई चपलेने मारतानाचं चित्र असतं तर कोणी हसलं असतं का? खरी चप्पल वळत नाही, वळली की बघणाऱ्याला कळतं की ही त्या दिवशीची चप्पल नाहीये, ही आपल्या भीतीची चप्पल आहे, लहानपणी ती एवढीच मोठी वाटायची. बेटसन म्हणून एक मानववंशशास्त्रज्ञ होता, त्याने माकडांचा खेळ बघून १९५५ च्या एका निबंधात लिहिलंय की खेळातला चावा चाव्याची आठवण करून देतो पण चाव्याने जे होतं ते त्याला म्हणायचं नसतं, आणि हे समोरच्याला आधीच कळावं लागतं. मीममधली अतिशयोक्ती हेच काम करते, "हे खेळातलं आहे" असं आधीच सांगून ठेवते.

आणि ही अतिशयोक्ती मीमवाल्यांनी शोधलेली नाहीच मुळी, ती आयांचीच आहे. आठवा जरा, तंगडं मोडून हातात देईन, सालटी काढीन, उलटा टांगीन, कानाखाली जाळ काढीन. यातलं एक तरी होण्यासारखं आहे का? तंगडं मोडून *हातात देणार* म्हणजे काय, पार्सल? धमकी जितकी अशक्य तितकं पोराला कळायचं की अजून वेळ आहे. मग आई खाली वाकायची, एक पाय उचलायची, चप्पल पायातून निघायची. या पायऱ्या पोरांना पाठ असायच्या आणि बहुतेकदा वाकल्यावरच काम व्हायचं, चप्पल सुटली तरी भिंतीवर. मीमवर हसताना आपण तो नकाशा ओळखतो, तुमच्या पण आईचा हाच होता का असं एकमेकांना विचारतो. त्या हसण्यात प्रेम आहे असं मला वाटतं.

कोरडी_विहीर
पानगळ छान लिहिता तुम्ही पण "बहुतेकदा भिंतीवर" हे कोणी ठरवलं? माझ्या आठवणीत चप्पल उडतच नाही, ती हातात असते. उडणारी एकदा बसते आणि संपते, हातातली मोजावी लागते. कॉलेजात पहिल्यांदा मैत्रिणींना सांगायला गेले तर पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कोणीतरी "अगं आमची आई तर निशाणेबाज" सुरू केलं, सगळ्या हसल्या, मीही हसले, माझी गोष्ट तिथेच राहिली. नंतर बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही. म्हणून मला ताईचं ग्रुप सोडणं लगेच कळलं.

उंटावरचा
तुमचं वाईट वाटलं, खरंच. पण ते अपवाद झाले ना. जिथे सगळ्यांनाच मार मिळतो तिथे पोरांना ते मनाला लागत नाही असा अभ्यास पण आहे कुठलातरी.

पानगळ
आहे, पण तुम्ही अर्धाच सांगितला. लॅन्सफर्ड म्हणून एक संशोधक आहे, तिने आणि तिच्या सोबतच्यांनी २००५ मध्ये सहा देशांतल्या आया आणि मुलं घेऊन बघितलं होतं, भारत आणि फिलिपिन्स पण होते त्यात. मारणं सर्रास असतं तिथे मार आणि मुलांचा आक्रमकपणा, घाबरटपणा यातला संबंध *कमी* दिसला हे बरोबर. पण गेला नाही, जिथे सर्रास होतं तिथे पण शिल्लक होताच. म्हणजे "सगळ्यांनी खाल्लीये" याने धार थोडी बोथट होते एवढंच.

विहीर, तुमचं मान्य. भिंतीवरची चप्पल मी माझ्या घरावरून लिहिली. खेळातला चावा समजायला खऱ्या चाव्याची भीती संपलेली असावी लागते, जिची संपली नाही तिला वळणारी चप्पल पण चप्पलच दिसणार.

दोन_पोरांची_आई
मी दुसऱ्या बाजूने बोलते कारण सध्या चप्पल माझ्या पायात आहे 😅 मारत नाही, पण "काढू का चप्पल" तोंडात बसलंय, माझ्या आईचंच वाक्य, त्याच सुरात. परवा असंच मीम सहा वर्षाच्या पोराला दाखवलं, वाटलं हसेल. त्याने नीट बघितलं आणि विचारलं "मग त्याला लागली का?" मी म्हटलं अरे गंमत आहे. तर परत तेच, "पण लागली का?" मला सांगताच येईना, चित्रात ती हवेतच आहे ना. मला वाटत होतं त्याला माझी धमकी पोकळ आहे हे माहीत आहे. त्याला ते नक्की माहीत नाहीये बहुतेक.

पानगळ
हे भारी विचारलं त्याने. आपण वीस-पंचवीस वर्षं लांब उभे आहोत, पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून हवेतली चप्पल विनोदी दिसते. तो गोष्टीच्या आत आहे, त्याची चप्पल अजून खाली पडायचीये. हा विनोद मोठ्या झालेल्या पोरांनी आईबद्दल सांगायचा आहे, आईने लहान पोराला दाखवला की तो परत धमकीच होतो.

उंटावरचा
म्हणजे आता मीम टाकताना पण विचार करायचा. असो, मी टाकणार.

सुस्त_मांजर
अपडेट. ताईला फोन केला. मी आधीच तयारी करून बसले होते की तिला जास्त मार मिळाला असेल, सॉरी म्हणायचं. तर ती म्हणाली मला कधी एक पण बसली नाही. मग? म्हणाली "अगं आई स्वयंपाकघरात अनवाणी असायची. तुम्ही मस्ती केली की मला सांगायची, जा दारातून चप्पल घेऊन ये. तुम्ही पळायचात. मी हातात चप्पल घेऊन उभी."

मला हे आठवतच नव्हतं, अजूनही आठवत नाहीये. दोघा भावांना विचारलं, त्यांनाही नाही.

कोरडी_विहीर
मग ती आणून द्यायची का?

सुस्त_मांजर
मी पण हेच विचारलं. म्हणाली कधी द्यायचे, कधी सापडत नाहीये म्हणून दारातच बराच वेळ शोधत बसायचे.