मदत हवी आहे: स्ट्रोकचे डॅली काढताना वायएलडी वायएलएलच्या सातपट येतात

ओळखपाळख

एक लाख लोकसंख्येसाठी एका वर्षाचे स्ट्रोकचे डॅली काढायचे आहेत. डॅली म्हणजे अकाली मृत्यूने गमावलेली वर्षं, वायएलएल, आणि आजारपणामुळे गमावलेली निरोगी वर्षं, वायएलडी, यांची बेरीज. आकडे सरावासाठी घेतलेले आहेत, पण पद्धत बरोबर हवी.

मृत्यू ९२: ३० ते ४९ वयोगटात ४, पन्नाशीत १८, साठीत २४, सत्तरीत २६ आणि ८० च्या पुढे २०. मृत्यूसमयीचं सरासरी वय अनुक्रमे ४०, ५५, ६५, ७५ आणि ८५.

वायएलएलसाठी जन्मावेळचं आयुर्मान ७० धरलं आणि त्यातून मृत्यूचं वय वजा केलं. ७० च्या पुढे उत्तर ऋण येतं, म्हणून तिथे शून्य ठेवलं. बेरीज ५१० आली.

स्ट्रोकनंतर हयात असलेले रुग्ण ८००. भारांक, म्हणजे ० ते १ च्या पट्टीवर आजाराची तीव्रता, ०.५५२ घेतला, आजार सरासरी ८ वर्षं टिकतो असं धरलं. ८०० × ०.५५२ × ८ = ३५३२.८. म्हणजे डॅली सुमारे ४०४३, आणि त्यातला ८७ टक्के भाग वायएलडीचा. स्ट्रोकसारख्या जीवघेण्या आजारात हे पटत नाही. सूत्र तर बरोबर वाटतंय, मग गडबड कुठे?

रकानेवाले

गडबड दोन्ही बाजूंना आहे. एकीकडे आकडा खाली गेलाय, दुसरीकडे वर. त्यामुळे नुसत्या बेरजेकडे पाहून काही कळणार नाही, दोन्ही भाग सुटे करून बघा.

आधी वायएलडी. तुमचे ८०० हा प्रिव्हॅलन्स आहे, म्हणजे त्या वर्षी हयात असलेले सगळे नवे-जुने रुग्ण. हे ८०० जण त्या वर्षात मिळून ८०० वर्षंच जगले. भारांक १ च्या वर जात नाही, त्यामुळे वायएलडी काही केल्या ८०० च्या वर जाऊ शकत नाहीत. तुमचे ३५३२.८ इथेच पकडले जातात. प्रिव्हॅलन्स घेतला की कालावधीने गुणायचं नाही, कारण जुने रुग्ण मोजताना तो कालावधी आधीच हिशोबात आलेला असतो. कालावधी लागतो तो इन्सिडन्सच्या पद्धतीत, त्या वर्षीच्या नव्या रुग्णांसाठी.

दुसरं, ०.५५२ हा स्ट्रोकचा भारांक नव्हेच. तो स्ट्रोकच्या तीव्र दीर्घकालीन परिणामांचा आहे. आजारांचं जागतिक ओझं मोजणारा अभ्यास म्हणजे जीबीडी, त्याच्या २०१३ च्या यादीत स्ट्रोकच्या दीर्घकालीन परिणामांच्या पाच पायऱ्या आहेत: सौम्य ०.०१९, मध्यम ०.०७०, मध्यम आणि शिवाय बौद्धिक अडचण ०.३१६, तीव्र ०.५५२, तीव्र आणि बौद्धिक अडचण ०.५८८. सगळ्या आठशे जणांना चौथ्या पायरीवर बसवलं की लंगडत का होईना पण आपलं आपण चालणारा माणूसही अंथरुणाला खिळल्यासारखा मोजला जातो. तुमच्याकडे तीव्रतेची वाटणी आहे का?

ओळखपाळख

आहे: सौम्य ३००, मध्यम २५०, मध्यम व बौद्धिक १२०, तीव्र ८०, तीव्र व बौद्धिक ५०.

रकानेवाले

मग झालंच. ३०० × ०.०१९ = ५.७०, २५० × ०.०७० = १७.५०, १२० × ०.३१६ = ३७.९२, ८० × ०.५५२ = ४४.१६, ५० × ०.५८८ = २९.४०. बेरीज १३४.६८. यातला निम्म्याहून जास्त भाग शेवटच्या दोन पायऱ्यांवरच्या १३० माणसांमुळे आहे. म्हणून सौम्य-मध्यमच्या सीमेवर दहा-वीस माणसं इकडची तिकडे झाली तर फारसं बिघडत नाही. पण मध्यम गटातल्या वीस जणांची बौद्धिक अडचण नोंदवायची राहून गेली असेल तर वायएलडी जवळपास ५ ने कमी दिसतील. तपासायचंच असेल तर ती नोंद आधी तपासा.

तिरकसराव

थोडं विषयांतर. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते ना? ६० टक्के लिहिलं असेल तर भारांक ०.६ घेतला की काम भागलं. एवढ्या पायऱ्या कशाला?

रकानेवाले

नाही चालणार. प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणजे शरीराचा कुठला अवयव किती निकामी झाला याचं वैद्यकीय मोजमाप, आणि ते सवलती ठरवायला असतं. भारांक आलेत सर्वसाधारण लोकांना विचारलेल्या प्रश्नांतून: दोन काल्पनिक माणसांची वर्णनं द्यायची आणि यातला जास्त निरोगी कोण ते विचारायचं. अशा हजारो उत्तरांवरून ० ते १ ची पट्टी बसवली आहे. दोन्ही आकडे शंभराच्या आत असले म्हणून एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

मोजपट्टी

वायएलएलचं मी सांगते. जन्मावेळचं आयुर्मान ७० या आकड्यात बालपणी गेलेली मुलंही धरलेली असतात. जो ७५ पर्यंत पोचला तो हे सगळे धोके पार करून आलेला आहे. त्याची उरलेली वर्षं उणे पाचही नाहीत आणि शून्यही नाहीत. म्हणून वजाबाकी करायचीच नाही, त्या त्या वयाला उरलेलं आयुर्मान तक्त्यातून उचलायचं. जीबीडी २०१० च्या प्रमाण तक्त्यात जन्मावेळी ८६.०२ आहे, ४० व्या वर्षी ४६.६४, ५५ ला ३२.३८, ६५ ला २३.२९, ७५ ला १४.८० आणि ८५ ला ७.६४. स्त्री-पुरुषांना तक्ता एकच.

शीटमध्ये `A` रकान्यात वय, `B` मध्ये मृत्यू, `C` मध्ये उरलेलं आयुर्मान भरा आणि:

```
=SUMPRODUCT(B2:B6, C2:C6)
```

गटवार १८६.५६, ५८२.८४, ५५८.९६, ३८४.८० आणि १५२.८०, एकूण १८६५.९६. तुम्ही शून्यावर सोडलेल्या सत्तरीपुढच्या ४६ मृत्यूंनी एकट्याने ५३७.६ वर्षं दिली. तुमच्या अख्ख्या ५१० पेक्षा ती जास्त भरतात.

आता डॅली १८६५.९६ + १३४.६८ = २०००.६४. वायएलडीचा वाटा साधारण पावणेसात टक्के.

एक सावधगिरी. ८०+ हा गट वर उघडा आहे. सरासरी वय माहीत नसलं की लोक गटाची खालची कड, म्हणजे ८०, धरतात. तिथे उरलेलं आयुर्मान १०.९९ आहे, मग हाच गट १५२.८० ऐवजी २१९.८० देतो. फरक ६७ चा, म्हणजे तुमच्या एकूण वायएलडीच्या निम्मा! मृत्यूच्या नोंदीत प्रत्यक्ष वय असेल तर तेच वापरा.

जुनाजाणता

सगळं ठीक, पण एक पायरी राहिली. वायएलएलवर ३ टक्के सवलत दर, म्हणजे पुढची वर्षं दरसाल थोडी कमी मोलाची धरणं, आणि वयानुसार वजन लावल्याशिवाय डॅली होतच नाहीत. ५५ व्या वर्षीच्या मृत्यूची वर्षं ३२.३८ धरायची नाहीत, नुसत्या सवलत दरापुरतं हे सूत्र लावायचं:

```
YLL = (1 - exp(-0.03*32.38)) / 0.03
```

उत्तर २०.७१.

मोजपट्टी

सूत्र आणि उत्तर दोन्ही बरोबर, "होतच नाहीत" हे मात्र आता खरं नाही. १९९० च्या पहिल्या जीबीडीत दोन्ही होतं, सवलत दरही आणि पंचविशीच्या आसपास सर्वांत जास्त असलेलं वयाचं वजनही. जीबीडी २०१० पासून दोन्ही काढून टाकलं. आजारांचं ओझं मोजायचं असेल तर न लावता द्या. उपचारावरचा खर्च आणि त्यातून वाचलेले डॅली यांची तुलना करायची असेल तर ३ टक्क्यांचा निकाल वेगळ्या रकान्यात द्या, कारण तिथे खर्चालाही तोच दर लावलेला असतो. जुन्या अहवालाशी तुलना करताना आधी त्यात दर लावलाय का ते पाहा. तक्ताही पाहा, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजांत जन्मावेळी सुमारे ९२ वर्षांचा तक्ता असतो. निव्वळ तक्ता बदलला तरी वायएलएल वर जातात.

जुनाजाणता

मान्य, खर्चाचा संदर्भ डोक्यात होता. पण ८६ किंवा ९२ वर्षांचा तक्ता लावणं मला अजूनही खटकतं. जिथे लोक सत्तरीपर्यंतच जगतात तिथे एवढी वर्षं "गमावली" म्हणणं म्हणजे जी हातात नव्हतीच ती मोजणं.

रकानेवाले

स्थानिक तक्ता लावला तर ५५ व्या वर्षी गेलेल्या माणसाची वर्षं गरीब भागात कमी आणि श्रीमंत भागात जास्त भरतील. तो भेद टाळायलाच समान तक्ता आणला. स्थानिक नियोजनापुरता तुमचा मुद्दा गैर नाही, फक्त मग त्या आकड्याची तुलना बाहेर कुणाशी करू नका.

जुनाजाणता

आदर्श ठरवणं वेगळं आणि नुकसान मोजणं वेगळं, यावर मी ठाम आहे. असो.

वळणवाट

माझं काम रस्ते अपघातांचं आहे. हयात जखमींचा प्रिव्हॅलन्स कुणाकडेच नाही, फक्त त्या वर्षी दाखल झालेले नवे जखमी आहेत. मग वरची पद्धत मला उपयोगाची नाही का?

रकानेवाले

तुम्ही इन्सिडन्सच्या पद्धतीनेच जा: नवे रुग्ण × भारांक × कालावधी. कालावधी बरं होईपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा. फ्रॅक्चर काही महिन्यांत भरून येतं आणि मज्जारज्जूची इजा आयुष्यभर राहते, तेव्हा दोन्हींना एक सरासरी कालावधी लावू नका, वेगळ्या ओळी करा.

ओळखपाळख, याचाच उपयोग करून तुमचा आकडाही पडताळता येईल. त्या वर्षी स्ट्रोक होऊन वाचलेले नवे रुग्ण किती?

ओळखपाळख

१०५.

रकानेवाले

१०५ × ८ = ८४०, तुमच्या ८०० च्या जवळ. आजाराचं प्रमाण वर्षानुवर्षं स्थिर असेल तर असंच यायला हवं. तुमचा सरासरी भारांक १३४.६८ ÷ ८०० = ०.१६८, त्यावरून इन्सिडन्सचे वायएलडी सुमारे १४१. दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी बसल्या. इथे दुपटीचा फरक आला असता तर कालावधी चुकलाय, जुने रुग्ण नोंदीतून सुटलेत किंवा आजार खरोखरच झपाट्याने वाढतोय किंवा घटतोय, यांपैकी एक धरून शोधावं लागलं असतं.

मोजपट्टी

एक शंका रकानेवाल्यांना. इन्सिडन्समध्ये ०.१६८ च कसा धरला? ती वाटणी जुन्या-नव्या सगळ्या रुग्णांची आहे. तीव्र रुग्ण लवकर दगावतात, म्हणून हयात लोकांत सौम्य जास्त उरतात. नव्या १०५ मध्ये तीव्र जास्त असणार, आणि त्यांचा कालावधी ८ पेक्षा कमी.

रकानेवाले

बरोबर आहे. भारांक वर जाईल, कालावधी खाली येईल. दोन्ही एकमेकांना किती भरून काढतील ते तीव्रतेनुसार जगण्याची वर्षं हाती आल्याशिवाय सांगता येणार नाही. १४१ ला अंदाजी पडताळणीच समजा.

ओळखपाळख

तीव्रतेनुसार मृत्यूच्या तारखा वेगळ्या रजिस्टरमध्ये आहेत, जुळवायला थोडे दिवस लागतील. पाच गटांचे कालावधी निघाले की इथेच टाकतो. तोवर अहवालात २०००.६४ ऐवजी "सुमारे २०००" लिहितो, तक्ता जीबीडी २०१० चा आणि सवलत दर लावलेला नाही हे तळटीपेत.