ब्रेकअप झालं, टीम तीच: मॅनेजरला सांगावं का?

खापरी लाइन
मी टेस्टर, तो डेव्हलपर. मिहानमधली एक कंपनी, सात जणांची टीम. दोन वर्षं सोबत होतो, फेब्रुवारीत संपलं. भांडण नाही, फसवणूक नाही. पण त्याने लिहिलेलं मलाच तपासावं लागतं. मागच्या आठवड्यात रिफंडच्या स्क्रीनवर मी एक बग टाकला, क्रिटिकल म्हणून. एकच रिफंड दोनदा जात होता. त्याने 'रिप्रोड्यूस होत नाही' लिहून बंद केला. मी उघडला, त्याने परत बंद केला. सहा दिवस हेच. आमचं टीममध्ये कोणाला माहीत नाही, निदान मला तसं वाटतं. मॅनेजरला सांगू? की टीम बदलून मागू?

तर्रीवाला
ताई, अजिबात सांगू नका. नागपूर आहे हे. सोमवारी केबिनमधी सांगान, मंगळवारी टपरीवर पूर्ण फ्लोअरले माहीत. आणि नाव कोणाचं खराब होते? पोराचं नाही होत. उद्या तुम्ही खरा बग काढला तरी लोक म्हणतीन, जुना हिशोब चुकता करून राहिली. चुपचाप टीम बदलून मागा. काऊन म्हणून विचारलं, तर म्हणा नवीन काही शिकायचं आहे. झालं.

सदरची काकू
अगं, दोन वर्षं म्हणजे काही कमी नाही. दोघांच्या घरच्यांना एकदा समोरासमोर बसवा. माझ्या भाचीचं असंच तुटलं होतं, मोठ्यांनी समजावलं, आता मुलगा पहिलीत आहे.

खापरी लाइन
काकू, परत जुळवायचं नाहीये. बग बंद करायचा आहे.

बिनटायवाली
सोळा वर्षं टीम सांभाळल्या, त्यातली पाच वर्षं कंपनीच्या अंतर्गत समितीवरही होते. आधी एक विचारते. सोबत असताना बग सापडला की तू काय करायचीस?

खापरी लाइन
त्याच्या डेस्कवर जायचे. नाहीतर संध्याकाळी मेट्रोत सांगायचे. बगच्या टिकिटात एक ओळ लिहिली की भागायचं.

बिनटायवाली
तिथेच आहे सगळं. तो सूड घेतोय असं तुला वाटतं, तू घेतेयस असं त्याला वाटत असेल. मला दोन्ही वाटत नाही. तुमच्या दोघांत एक खासगी रस्ता होता आणि टीमचं अर्धं काम त्यावरून जात होतं, हे टीमलाही माहीत नव्हतं. रस्ता बंद झाला, पण टिकिटं अजून एका ओळीचीच आहेत. उरलेलं आता त्याला कोण सांगणार?

हा बग तुला कुठे दिसला ते आठव. फोनवर, मोबाइल डेटावर असेल तर मी पैज लावते, 'रिफंड' दाबल्यावर उत्तर येईपर्यंत बटण चालूच राहतं. नेट हळू असलं की माणूस वैतागून परत दाबतो आणि दुसरी रिक्वेस्ट जाते. ऑफिसच्या वायफायवर उत्तर इतक्या लवकर येतं की दुसऱ्यांदा दाबायला वेळच मिळत नाही. म्हणजे तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या मशीनवर ते खरंच होत नाही.

तेव्हा टिकिट एखाद्या अनोळखी माणसासाठी लिहायचं तसं लिही: कुठला फोन, कुठलं नेट, किती सेकंदांत दोनदा दाबलं, स्क्रीनचा व्हिडिओ. ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम हळू करून बघायची सोय असते, तीही टिकिटात सांग. आणि एक नियम दोघांनी पाळा. दोनदा उघड-बंद झालेलं टिकिट तिसऱ्यांदा तुम्ही दोघांनी हलवायचं नाही. ते लीडसमोर ठेवायचं. हा नियम पूर्ण टीमला लावून घे, म्हणजे कारण सांगावं लागणार नाही.

तर्रीवाला
म्हणजे मॅनेजरले सांगायचं नाही, हेच ना? मीही तेच म्हणून राहिलो होतो.

बिनटायवाली
नाही भाऊ. तुमची भीती खरी आहे, असं घडलेलं मी पाहिलंय. पण तुमचा उपाय तिलाच महागात पडतो. चांगली टेस्टर दोन वर्षांचं प्रॉडक्टचं ज्ञान सोडून जाते आणि तो जागच्या जागी राहतो. सांगायचं की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: एकाच्या मतावर दुसऱ्याचं रेटिंग, सुट्टी किंवा प्रमोशन अवलंबून आहे का? असेल तर सांगावंच लागतं, तेही एका वाक्यात: 'आमचे वैयक्तिक संबंध होते, आता नाहीत, एकमेकांच्या मूल्यमापनातून आम्हाला वगळा.' कधी, का, कोणी सोडलं, यातलं काही नाही. नसेल तर सांगण्याची घाई नको.

लीड आहे, नाइलाज आहे
मला मात्र सांगायला हवं, असंच वाटतं. माझ्या टीममध्ये असे दोघं होते आणि मला पत्ता नव्हता. क्लायंटकडे पुण्याला मी दोघांनाच पाठवलं. रात्रभराची बस, शेजारच्या सीट. परत आल्यावर एकीने आठवडाभर सुट्टी घेतली, आणि मी तिला रिलीजच्या आठवड्यात सुट्टी का घेतली म्हणून झापलं. आधी कळलं असतं तर तिसरा माणूस पाठवला असता. नंतर मला स्वतःचीच लाज वाटली.

कायदेकानू
एवढा विचार कशाला? संबंध संमतीचे होते ना, मग पॉशखाली, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याखाली, तक्रार होऊच शकत नाही. दोघंही सेफ. उगाच कागद वाढवू नका.

बिनटायवाली
अर्धं बरोबर. संमतीचा संबंध म्हणजे छळ नव्हे, तो तुटणंही नव्हे. पण संबंध होता म्हणून पुढचं सगळं माफ, असं 2013च्या कायद्यात नाही. संपल्यावर नको म्हटलेलं असताना रात्री मेसेज, पार्किंगमध्ये वाट अडवणं, 'परत ये नाहीतर रिव्ह्यूत बघतो', हे सुरू झालं तर बाईला तक्रार करता येते. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी सुरू असताना समोरच्याला तिच्या कामाचं मूल्यमापन करू देऊ नका, असंही समिती सुचवू शकते. इथे तसं काही दिसत नाही. बग बंद करणं म्हणजे छळ नव्हे, नाहीतर आम्ही सगळे डेव्हलपर आत गेलो असतो.

कायदेकानू
ठीक. मुदतीचं माहीत नव्हतं.

तर्रीवाला
पण ताई, ते एक वाक्य सांगितल्यावर मॅनेजर ते वाक्य पोटात ठेवीन, याची गॅरंटी कोण देईन?

बिनटायवाली
कोणीच नाही. म्हणून तर म्हटलं, गरज नसेल तर नको.

खापरी लाइन
सांगते काय झालं. काल संध्याकाळी खापरीहून निघाल्यावर मेट्रोत परत करून बघितलं, वायफाय बंद करून. दोन सेकंदांत दोनदा दाबलं, दोन रिफंड. व्हिडिओ टाकला, खाली सगळं लिहिलं. सकाळी साडेनऊला त्याने टिकिट स्वतःकडे घेतलं, अकराला दुरुस्ती टाकली. बटण आता पहिल्या दाबण्यालाच बंद होतं. कमेंटमध्ये फक्त 'व्हिडिओमुळे कळलं'. पूर्वी असता तर सोबत एक वाकडा स्मायली टाकला असता. सर्व्हरकडेही दुसरी रिक्वेस्ट अडवायला हवी, ते मी वेगळ्या टिकिटात लिहिलंय. ते अजून उघडंच आहे.

पण बिनटायवाली ताई, तुमचं ते रेटिंगचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे वर्षातून एकदा सहकाऱ्यांचा फीडबॅक घेतात, तीन नावं मॅनेजर ठरवतो. यंदा माझ्या फॉर्मवर त्याचं नाव आहे. शेवटची तारीख शुक्रवार.

लीड आहे, नाइलाज आहे
मग गुरुवारी सांगा.

तर्रीवाला
नाव बदलून मागा ना, कारण न देता. 'त्याच्याऐवजी बॅकएंडवाल्याचं घ्या, माझं काम त्याच्याशी जास्त येते.' खोटंही नाही.

बिनटायवाली
हे मला सुचलं नव्हतं. पण त्याच्या फॉर्मवर तुझं नाव आहे का, ते आधी बघ.